परिपाठातल्या थापा

आपल्या शाळांचा दिवस राष्ट्रगीताने सुरू होतो. मग राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, आणि शेवटी पसायदान आणि मौन. क्रम शाळेगणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण बोधकथा कुठे चुकत नाही. आणि या बोधकथेच्या तीन मिनिटांत, माइकवरून, शिक्षकांच्या देखत, कितीतरी मैदानांवर मुलांना धडधडीत खोटं सांगितलं जातं. ज्या संविधानाची प्रास्ताविका पाच मिनिटांपूर्वी एकसुरात म्हणून झाली, त्याच्याच ५१क या कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आपण ते कर्तव्य पायदळी तुडवतो आणि मग वर्गात जाऊन विज्ञान शिकवतो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. परिपाठाची पाळी माझ्याही वर्गावर येते. त्यामुळे या गोष्टी कुठून येतात हे मला ठाऊक आहे. पूर्वी परिपाठाच्या छापील पुस्तिका असत. आता रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर ‘उद्याचा परिपाठ’ आयता येऊन पडतो. सुविचार, म्हण, दिनविशेष, कथा, सगळं एका संदेशात. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गोष्ट कुठल्या पुस्तकातली याचा पत्ता नाही. सकाळी तो संदेश वहीत उतरवायचा आणि वही मुलीच्या हातात द्यायची. ती घडाघडा वाचते, टाळ्या पडतात आणि कामकाज संपतं. मुलांच्या वहीतलं एक गणित चुकलं तर आपण लाल शाई वापरतो. परिपाठाच्या वहीवर लाल शाईचा ठिपका मी आजवर पाहिलेला नाही.

या गोष्टींमध्ये गरुडाची गोष्ट दरवर्षी येते. गरुड सत्तर वर्षं जगतो, चाळिसाव्या वर्षी त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने नखं उपटतो, मग पिसं उपटतो, आणि दीडशे दिवसांनी नवा जन्म घेऊन पुढची तीस वर्षं जगतो. यातलं एक वाक्यही खरं नाही. मोठ्या जातींचे गरुड रानात साधारण वीस ते तीस वर्षं जगतात. शिकारी पक्ष्याची चोच तुटली तर त्याला मांस फाडता येत नाही, तो उपाशी मरतो. पाच महिने थांबून नवी चोच मिळवण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. चोचीवरचं आवरण आपल्या नखांसारखं कायम वाढत आणि झिजत असतं, पिसं टप्प्याटप्प्याने गळतात आणि नवी येतात. हे सातवी-आठवीच्या पोराला समजावून सांगता येतं, आणि ते त्या थापेपेक्षा कितीतरी नवलाचं आहे. पण परिपाठाला नवल नको असतं, त्याला ‘संघर्ष’ हवा असतो. म्हणून एका पक्ष्याला खडकावर डोकं आपटायला लावायचं.

गरुडाच्या गोष्टीने निदान कुणाचा अपमान होत नाही. एडिसनच्या गोष्टीने होतो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. छोटा थॉमस शाळेतून बंद पाकीट घेऊन येतो. आई पत्र वाचते, डोळे पुसते आणि मोठ्याने वाचून दाखवते: तुमचा मुलगा असामान्य आहे, आमची शाळा त्याच्यासाठी लहान पडते, त्याला तुम्हीच शिकवा. आई शिकवते, मुलगा जगप्रसिद्ध होतो. आई गेल्यावर कपाटात ते पत्र सापडतं. त्यात लिहिलेलं असतं की तुमचा मुलगा मतिमंद आहे, त्याला शाळेत ठेवता येणार नाही. एडिसन तासन् तास रडतो आणि डायरीत लिहितो की एका मतिमंद मुलाला आईने महान बनवलं.

हे पत्र कुणी पाहिलेलं नाही, कारण ते नव्हतंच. एडिसनचा जन्म १८४७ चा. तो लहान असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन गावी आलं. तिथे तो थोडेच महिने शाळेत गेला. पुढे काय झालं ते त्याने स्वतःच मोठेपणी सांगितलेलं आहे. त्याचं डोकं फिरलेलं आहे असं मास्तर दुसऱ्या कुणाला सांगत असताना ते त्याच्याच कानावर पडलं. तो रडत घरी आला आणि आईला सांगितलं. आई, नॅन्सी एडिसन, लग्नाआधी स्वतः शिक्षिका होती. ती मुलाला घेऊन शाळेत गेली, मास्तरांना जाब विचारला, मुलाला शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. म्हणजे मास्तर काय म्हणाले हे मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लपवाछपवी नव्हती, पाकीट नव्हतं, कपाटही नव्हतं. आई १८७१ मध्ये वारली, तेव्हा तो चोविशीत होता आणि विजेचा दिवा आठ वर्षं दूर होता. जगप्रसिद्ध झाल्यावर आईच्या कपाटात पत्र सापडण्याचा प्रसंग काळाच्या हिशेबातही बसत नाही.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. खोट्या गोष्टीतली आई शाळेचा निर्णय मुकाट्याने मान्य करते, मुलाशी खोटं बोलते आणि एकटी रडते. खऱ्या गोष्टीतली आई शाळेत येते, मास्तरांसमोर उभी राहते आणि तुमचं चुकलं म्हणून सांगते. आपल्या शाळांना पहिली आई आवडली आणि दुसरी आपण परिपाठातून हद्दपार केली, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. जाब विचारणारी आई कुठल्याच मुख्याध्यापकांच्या खोलीत फारशी आवडत नाही.

आणि ‘मतिमंद’ हा शब्द माइकवरून म्हणताना समोर कोण उभं आहे याचा विचार कुणी करतं का? प्रत्येक शाळेत वाचायला अडखळणारी, आकडे उलटे लिहिणारी, विशेष मदतीची गरज असलेली मुलं असतात. ती त्याच रांगेत उभी असतात. गोष्ट त्यांना सांगते की तो शब्द इतका भयंकर आहे की आईने तो मरेपर्यंत कपाटात दडवून ठेवावा. आणि त्यातून सुटायचं असेल तर एडिसनच व्हायला हवं. मागच्या रांगेतली दोन पोरं शेजारच्याकडे बघून हसतात. ते हसणं ज्याच्याकडे बघून असतं, त्याचा दिवस तिथेच संपतो.

यावर शिक्षकखोलीत मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. “अहो मॅडम, गोष्ट खरी नसली म्हणून काय झालं? बोध तर खरा आहे ना? ससा-कासवाची शर्यत तरी कुठे झाली होती?” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा एकदाच नीट समाचार घेते.

ससा बोलत नाही हे बालवाडीतल्या मुलाला माहीत असतं. इसापनीती आणि पंचतंत्र कुणालाही फसवत नाहीत. ‘एक होता कोल्हा’ म्हटलं की मूल समजून घेतं की आता कल्पनेच्या राज्यात शिरायचं. तिथे लबाडी नाही. एडिसन मात्र खरा माणूस होता. त्याचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात आहे. त्याचं नाव घेऊन, त्याच्या डायरीचा हवाला देऊन सांगितलेली गोष्ट ही पुराव्याचा आव आणते. बोध खरा ठरवण्यासाठी खोटा साक्षीदार उभा करणं याला न्यायालयात गुन्हा म्हणतात. शाळेत त्याला संस्कार म्हणायचं का? आणि बोध इतका खरा असेल, तर त्याला एकही खरी घटना का सापडत नाही? सापडते. फक्त ती शोधायला अर्धा तास लागतो, आणि तो आपल्याला द्यायचा नसतो.

सुविचारांचं वेगळं काही नाही. कुणाचंही वाक्य उचलायचं आणि खाली डॉ. कलाम किंवा स्वामी विवेकानंद लिहायचं. विवेकानंदांच्या तोंडी सर्वांत जास्त घातलं जाणारं, जागं होण्याविषयीचं वचनसुद्धा मुळात कठोपनिषदातलं आहे. विवेकानंदांनी ते घरोघरी पोचवलं, आणि तसं सांगितलं असतं तर मुलांना दोन गोष्टी कळल्या असत्या. ज्या वाक्याचा मालक सापडत नाही त्याखाली नाव लिहूच नये. फळ्यावरचं वाक्य बिननावी राहिलं तर काहीही बिघडत नाही. चांगलं असेल तर ते तसंच उभं राहील.

त्याहून मोठं पाप तात्पर्याचं. गोष्ट संपते न संपते तोच मुलगी त्याच सुरात वाचते, “या कथेवरून आपल्याला असा बोध मिळतो की…” गोष्ट ऐकताना मुलाच्या मनात जे काही हललं असेल, ते या वाक्याने जागच्या जागी थांबतं. उत्तर मिळालं, आता विचार कशाला? माझी एक साधी कसोटी आहे. दुपारच्या सुट्टीत जेवताना मुलांना विचारा, सकाळी कुठली गोष्ट होती? “कष्टाचं फळ गोड असतं, अशी काहीतरी होती,” हे उत्तर आलं तर परिपाठ वाया गेला. त्यांच्याकडे फक्त साल उरलं, फळ नाही. गोष्टीतली माणसं, गाव, काय घडलं हे त्यांनी सांगितलं आणि बोध सांगता आला नाही, तर समजा की काम झालं. बोध नंतर येतो, कधी वर्षांनी येतो, आणि तो तुम्ही ठरवलेला नसतो.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. हाताने, रोज, समोरच्या मुलांसाठी. ती मुलं कोण, कुठल्या गावची, कुणाच्या घरी काय चाललं आहे, हे त्यांना माहीत होतं. आपण ज्या गुरुजींचा फोटो भिंतीवर लावतो त्यांच्याकडून एवढं तरी घ्यावं की मुलांना सांगायचं ते आपण स्वतः तयार करावं. शंभर शाळांत एकाच सकाळी एकच उसनी थाप वाजते, हा त्यांच्या फोटोचा अपमान आहे.

मग करायचं काय? माझ्या वर्गाचा एक परिपाठ इथे पूर्ण देते, कारण ‘खरी गोष्ट कुठून आणायची’ या तक्रारीला दुसरं उत्तर नाही.

आधी वेळ पाहा. मैदानावर, माइकवर, लहान मुलांना कळेल अशा गतीने बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तीन मिनिटं म्हणजे तीनशे शब्द, आणि थांबायला जागा हवी असेल तर अडीचशेच. तेवढ्यात एक विचार आणि एक घटना बसते, दुसरी बसत नाही. त्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलं होतं: ‘कुणीही सांगितलं तरी एकदा स्वतः करून पाहावं.’ खाली नाव नव्हतं, कारण वाक्य वर्गातच तयार झालं होतं. आठवीतला मुलगा बोलला ते असं:

“नाशिकजवळच्या देवळालीत एक शिक्षक होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. गणितातलं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पण त्यांना आकड्यांशी खेळायचा नाद होता. त्यांना एक गंमत सापडली. चार आकडी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. आमच्या सरांच्या गाडीचा नंबर आहे ४१२१. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा: ४२११. आता उलटे लावा: ११२४. वजा करा. आले ३०८७. त्याच अंकांचं पुन्हा तसंच करा. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. पुढे कितीही वेळा करा, तेच येतं. कापरेकर म्हणाले, कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचाल. १९४९ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी या शाळामास्तरांकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तुमच्या घरच्या गाडीचा नंबर घ्या आणि मधल्या सुट्टीत करून पाहा. खोटं निघालं तर मला येऊन सांगा.”

एवढंच. तात्पर्य नाही, टाळ्यांची विनंती नाही. शेवटचं वाक्य मुलाला मुद्दाम पाठ करायला लावलं होतं, कारण सगळा परिपाठ त्या वाक्यावर उभा होता. माइकवरून ‘खोटं निघालं तर सांगा’ म्हणणारी गोष्ट मुलांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली.

मधल्या सुट्टीत ती आलीच. एक मुलगी ओरडत आली की खोटं निघालं. तिने २१११ घेतलं होतं. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, आणि ९९९ चे अंक कसेही लावले तरी उत्तर शून्यच. ही नेहमीची चूक आहे. पुढचं शून्य सोडून दिलं की हिशेब फसतो. उत्तर ०९९९ असं चार आकडी धरायचं, मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, मग ८५३२, आणि ६१७४. हे तिला मी सांगितलं नाही. ज्याने भाषण केलं त्याच मुलाने जमिनीवर काडीने लिहून दाखवलं. कुणीतरी विचारलं, ११११ घेतलं तर? मग सगळ्यांनी मिळून शोधलं की सारखे अंक का नकोत. पाचवीतल्यांना चार आकडी वजाबाकीचा जेवढा सराव त्या सुट्टीत झाला, तेवढा मी गृहपाठ देऊनही करवून घेऊ शकले नसते.

याला तयारी किती लागली? मुलाला चार वजाबाक्या तोंडपाठ करायला एक संध्याकाळ. फळ्यावर आकडे लिहायला दुसरं मूल हवं, कारण नुसतं ऐकून चार आकडे डोक्यात राहत नाहीत, मागच्या रांगेच्या तर नाहीतच. फळा मागच्या रांगेतून वाचता येतो का हे आदल्या दिवशी उभं राहून पाहावं लागतं. वहीतून वाचायचं नाही हा नियम. वाचणारं मूल माइककडे बोलतं, सांगणारं मूल मुलांकडे बोलतं. आणि बोलणारा मुलगा वर्गातला हुशार नव्हता. दरवर्षी त्याच चार-पाच स्पष्ट उच्चारांच्या मुलांना माइक मिळतो, बाकीची दहा वर्षं सावधान-विश्राम करून दहावी होतात. हे थांबवायला कुणाचा आदेश लागत नाही.

प्रत्येक दिवशी कापरेकर सापडणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण गोष्ट मोठ्या माणसाचीच हवी हे कुणी ठरवलं? गावातली विहीर कुणी, कधी खणली आणि पाणी किती हातांवर लागलं, हे आजोबांना विचारून आलेल्या मुलाची तीन मिनिटं गरुडाच्या सगळ्या चोचींहून मोलाची आहेत. तिथे चूक झाली तर दुसरं मूल उठून म्हणतं, नाही, माझे आजोबा वेगळं सांगतात. तेव्हा शिक्षकाने हसून विषय मिटवू नये, दोन्ही आजोबांना शाळेत बोलवावं. आणि आठवड्याला दोनच खऱ्या गोष्टी मिळाल्या तर दोनच सांगाव्यात. उरलेल्या दिवशी पंचतंत्र आहे, ते गोष्ट म्हणूनच सांगावं.

उद्याचा परिपाठ ज्यांच्या वर्गाकडे आहे त्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आज रात्री फोनवर आलेली कथा वहीत उतरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे कुठे लिहिलेलं आहे? पुस्तक सापडलं तर त्याचं नाव मुलाला माइकवर घ्यायला लावा. सापडलं नाही तर ती कथा सांगू नका. ती तीन मिनिटं मोकळी सोडा आणि मुलांना उन्हातून उठवून सावलीत बसू द्या.